किमतीपासून उलटा हिशेब

वस्तूची किंमत ठरवण्याची जुनी रीत सरळ आहे. माल किती रुपयांत बनला ते मोजायचे, त्यावर आपला नफा चढवायचा आणि जो आकडा येईल तो गिऱ्हाइकाला सांगायचा. लक्ष्य खर्चाची पद्धत, म्हणजे टार्गेट कॉस्टिंग, हाच हिशेब उलट्या टोकाने मांडते. ही वस्तू गिऱ्हाईक किती रुपयांना घेईल हे आधी शोधले जाते. त्यातून कंपनीला हवा असलेला नफा वजा केला जातो. उरलेल्या रकमेत वस्तू बनलीच पाहिजे. ती रक्कम म्हणजे त्या वस्तूचा परवडणारा खर्च.

वजाबाकी शाळकरी आहे, पण तिच्यामुळे कामाचा क्रम बदलतो. जुन्या पद्धतीत अभियंते आराखडा करतात, खरेदी विभाग भाव काढतो, हिशेब विभाग बेरीज करतो आणि किंमत फार झाली हे विक्री विभागाला सर्वांत शेवटी कळते. तोवर साचे बनलेले असतात, यंत्रे आलेली असतात, पुरवठादारांशी करार झालेले असतात. वस्तूचा बहुतेक खर्च कागदावर आराखडा पक्का होतानाच ठरून जातो. कोणता धातू, किती भाग, किती स्क्रू, कोणती मोटर हे एकदा ठरले की कारखान्यात कितीही काटकसर केली तरी वाचणारा पैसा थोडाच असतो. म्हणून लक्ष्य खर्चाचे काम आराखड्याच्या टेबलावर, पहिला साचा बनण्यापूर्वी करावे लागते.

हे काम कसे चालते ते एका कल्पित मिक्सरच्या उदाहरणाने समजून घेता येईल. आकडे समजण्यासाठी सोपे धरले आहेत.

मध्यमवर्गीय घरासाठी तीन भांड्यांचा मिक्सर काढायचा आहे. बाजारात त्या तोडीचे मिक्सर पाहून, दुकानदारांशी आणि गृहिणींशी बोलून कंपनीच्या लक्षात येते की दुकानात 2,360 रुपयांना मिळाला तर तो चालेल. इथेच पहिली चूक होते. अनेकजण 2,360 मधून दहा टक्के नफा काढतात आणि उरलेली रक्कम खर्चाला मोकळी समजतात. पण गिऱ्हाइकाने दिलेला सारा पैसा कंपनीपर्यंत पोचत नाही. त्यात 18 टक्के जीएसटी आहे. 360 रुपये कराचे गेले की 2,000 उरतात. त्यातले 300 दुकानदाराचे मार्जिन आणि 100 वितरकाचे. कंपनीच्या हातात 1,600 रुपये येतात आणि नफा या रकमेवर मोजायचा असतो. दहा टक्के म्हणजे 160 रुपये. उरले 1,440.

हे 1,440 सुद्धा सगळे कारखान्याचे नाहीत. मालवाहतूक, जाहिरात, दोन वर्षांची वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर यांसाठी दर मिक्सरमागे 240 रुपये लागतात असे धरले, तर कारखान्याने मिक्सर 1,200 रुपयांत बनवला पाहिजे. दुकानातल्या किमतीच्या जवळजवळ निम्म्यावर आकडा आला. पहिल्यांदा हा हिशेब पाहणाऱ्या अभियंत्याला धक्का बसतो, आणि तो बसणे चांगलेच.

आता दुसरी बाजू. अभियंत्यांनी नेहमीच्या पद्धतीने आराखडा केला आणि अंदाज काढला: मोटर 520 रुपये, झाकणे व पाती धरून तिन्ही भांडी 380, बाहेरची बॉडी 170, स्विच, वायर आणि जादा भार आल्यास मोटर बंद करणारे ओव्हरलोड बटण मिळून 110, खोके व पॅकिंग 60, जुळणीची मजुरी आणि कारखान्याचा इतर खर्च 140. एकूण 1,380. म्हणजे 180 रुपयांची तूट आहे. ही तूट भरून काढणे हाच या पद्धतीचा खरा गाभा आहे.

सोपा आणि चुकीचा मार्ग असा की प्रत्येक विभागाला तेरा टक्के कापायला सांगायचे. तसे केले की मोटर जरा हलकी होते, भांड्याचा पत्रा जरा पातळ होतो, झाकणाचे रबर जरा स्वस्त येते, आणि शेवटी सगळ्याच बाबतीत थोडा थोडा वाईट मिक्सर हाती येतो. कापायचे कुठे हे गिऱ्हाइकाच्या बाजूने ठरवावे लागते.

त्यासाठी मिक्सर वापरणाऱ्यांना विचारले जाते की त्यांना कशाचे किती मोल आहे. समजा, उत्तरांवरून शंभर गुण असे वाटले गेले: ओले खोबरे आणि भिजवलेली डाळ बारीक होणे, मोटर न तापता चालणे, झाकणातून चटणी न गळणे, आवाज कमी असणे, दिसायला बरा असणे. मग यातला कोणता गुण कोणत्या भागामुळे मिळतो ते अभियंते मांडतात. बारीक वाटण्यात मोटर आणि पाती दोन्हींचा वाटा असतो, न गळण्यात भांडे आणि झाकणाचा. असे करत प्रत्येक भागाच्या नावावर गिऱ्हाइकाने दिलेले गुण जमा होतात आणि ते त्या भागाच्या खर्चाच्या टक्केवारीशेजारी ठेवले जातात.

आपल्या मिक्सरमध्ये बॉडीवर एकूण खर्चाचे 12 टक्के गेले होते आणि गिऱ्हाइकाच्या लेखी तिचे मोल निघाले 6 टक्के. भांड्यांवर खर्च 28 टक्क्यांच्या आसपास आणि मोल 32 टक्के. याचा अर्थ बॉडीत पैसा फुकट चालला आहे, तर भांड्यांच्या बाबतीत हात आवरला तर तक्रारी येतील. हे कोष्टक एका पानावर मावते, पण वादविवाद थांबवण्याची त्याची ताकद मोठी असते. दोन रंगांची चकचकीत बॉडी हा डिझायनरचा अभिमानाचा विषय असतो. गिऱ्हाइकाला तिचे तितके अप्रूप नाही हे कोणीतरी तोंडाने सांगण्यापेक्षा कागदाने सांगितलेले बरे.

मग सुधारणा होतात. बॉडी एकाच रंगाच्या प्लॅस्टिकची आणि एका साच्यातली केली, स्क्रूंच्या जागी खटक्याने बसणारे जोड दिले: 50 रुपये वाचले. स्क्रू कमी झाले म्हणून जुळणीचा वेळही कमी झाला: आणखी 20. तिन्ही भांड्यांना पूर्वी वेगवेगळे तळ आणि रबरे होती, ती सारखी केली. पत्र्याची जाडी आणि रबराचा दर्जा तसाच ठेवूनही 35 रुपये सुटले. मोटर 750 वॅटची धरली होती, पण घरच्या वापरातली वाटणे करून पाहिली तेव्हा 600 वॅटची मोटर तीच कामे न तापता करते असे दिसले: 55 रुपये. पॅकिंगचे 10. स्विचजवळचा शोभेचा दिवा काढला: 10. एकूण 180.

या यादीत एक गोष्ट नाही आणि तिचे कारण महत्त्वाचे आहे. मोटरीत तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची हलकी तार घातली असती तर समजा एकदम 60 रुपये सुटले असते. पण त्यामुळे वॉरंटीच्या काळात शंभरांपैकी दहा मोटरी जास्त जळाल्या आणि प्रत्येक बदलायला 600 रुपये लागले, तर दर मिक्सरमागे 60 रुपयेच परत जातात, वर नाव जाते ते वेगळे. बचत कारखान्याच्या खात्यात दिसते आणि भुर्दंड सर्व्हिसच्या खात्यात पडतो. म्हणूनच लक्ष्य खर्चात वॉरंटीचा पैसा पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. ज्या कंपन्या तो धरत नाहीत तिथे ठरलेला खर्च गाठला म्हणून पेढे वाटले जातात आणि दीड वर्षाने सर्व्हिस सेंटरवर रांगा दिसू लागतात. लक्ष्य खऱ्या अर्थाने गाठले की नुसते दुसऱ्या खात्यावर ढकलले, हे ओळखायची हीच खूण आहे.

आणखी एक आकडा या साऱ्या हिशेबात लपलेला आहे. साचे आणि खास यंत्रे यांवर 2 कोटी रुपये लागणार आणि 4 लाख मिक्सर विकले जाणार असे धरले असेल, तर दर मिक्सरवर साच्यांचा भार 50 रुपये पडतो. तो भागांच्या खर्चात मिसळलेला आहे. प्रत्यक्षात 1 लाखच मिक्सर खपले तर हाच भार 200 रुपये होतो. जादाचे 150 रुपये म्हणजे जवळजवळ सगळा नफा. परवडणारा खर्च एका नगाचा म्हणून सांगितला जातो, पण तो किती नग विकले जातील या अंदाजावर उभा असतो.

या पद्धतीचा उगम जपानमधला. तिथे तिला गेंका किकाकु म्हणतात, म्हणजे खर्चाचे नियोजन. तिचे बीज दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत होते. जनरल इलेक्ट्रिकमधले लॉरेन्स माइल्स यांनी 1947 च्या सुमारास प्रत्येक भागाचे काम काय आणि तेच काम आणखी स्वस्तात कसे होईल असे विचारण्याची शिस्त घालून दिली. जपानी कंपन्यांनी ती शिस्त उचलली आणि तिला बाजारातल्या किमतीची मर्यादा घातली. 1960 च्या दशकात टोयोटाने हे काम पद्धतशीर सुरू केले आणि 1973 च्या तेलसंकटानंतर ते इतर जपानी उद्योगांत पसरले.

टोयोटाचा सुरुवातीचा धडा सांगण्यासारखा आहे. 1955 मध्ये जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाची सामान्य माणसाच्या मोटारीची कल्पना पुढे आली. त्या वाटेवर टोयोटाने हजार डॉलरच्या आसपासची गाडी करायची ठरवले आणि जून 1961 मध्ये पब्लिका बाजारात आणली. किंमत 3,89,000 येन, तेव्हाच्या दराने सुमारे 1,080 डॉलर. किमतीचे लक्ष्य साधले होते. तरी गाडी अपेक्षेइतकी खपली नाही. तिच्यात रेडिओ नव्हता, हीटर नव्हता, आतली सजावट अगदी रुक्ष होती. आयुष्यात पहिल्यांदा मोटार घेणाऱ्या जपानी कुटुंबाला ती गरजेची वस्तू म्हणून नको होती. शेजारपाजाऱ्यांना अभिमानाने दाखवता येईल अशी गाडी हवी होती. 1963 मध्ये रेडिओ, हीटर आणि मागे झुकणाऱ्या सीटसह डीलक्स आवृत्ती आली तेव्हा विक्री सुधारली.

पब्लिकाचे मुख्य अभियंते तात्सुओ हासेगावा यांच्याकडेच पुढे कोरोलाचे काम आले. त्यांनी ठेवलेले सूत्र असे की गाडी कोणत्याच बाबतीत ऐंशी गुणांच्या खाली जाता कामा नये, आणि एखाद्या बाबतीत त्याहून पुढे जाऊन गिऱ्हाइकाचे मन जिंकले पाहिजे. 1966 मध्ये आलेल्या कोरोलाला 1,100 सीसीचे इंजिन होते. प्रतिस्पर्धी निसानच्या सनीचे 1,000 सीसीचे होते. ते जास्तीचे 100 सीसी टोयोटाने जाहिरातीत मिरवले. साध्या कोरोलाची किंमत 4,32,000 येन होती, म्हणजे पब्लिकाहून अधिक. गिऱ्हाइकाने तो फरक आनंदाने दिला. लक्ष्य किंमत म्हणजे शक्य तितकी कमी किंमत नव्हे, हे टोयोटा इथे शिकली. गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे द्यायला तयार आहे त्या वस्तूची ती किंमत असते.

चाळीस वर्षांनी हाच प्रश्न पुण्यात उभा राहिला. टाटा मोटर्सची नॅनो पिंपरी-चिंचवडमधल्या संशोधन केंद्रात आकाराला आली. तिच्या तुकडीचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते. एक लाखाचा आकडा कोणत्याही बाजारपाहणीतून आला नव्हता. 2003 च्या जिनिव्हा मोटर शोच्या वेळी रतन टाटा यांनी एका पत्रकाराशी बोलताना तो सांगितला, तो छापून आला, आणि मग मागे न हटता तेच लक्ष्य ठरले. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवताना ‘वचन म्हणजे वचन’ असे त्यांनी सांगितले. मात्र हा एक लाख म्हणजे कर आणि वाहतूक सोडून असलेली किंमत होती.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने नॅनो हे लक्ष्य खर्चाचे थक्क करणारे उदाहरण आहे. तुकडीने प्रत्येक भाग कशासाठी आहे असे विचारले. 624 सीसीचे दोन सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन मागे बसवले, त्यामुळे छोट्या लांबीतही चार माणसांना ऐसपैस जागा मिळाली. चाकाला चारऐवजी तीन नट आले, कारण एवढ्या हलक्या गाडीला तेवढे पुरत होते. समोरच्या काचेला एकच वायपर, आरसा फक्त चालकाच्या बाजूचा. मागचे दार उघडत नसे, सामान मागच्या सीटवरून आत टाकावे लागे. उघडणारे दार म्हणजे बिजागऱ्या, कुलूप, रबर आणि त्या मोकळ्या जागेभोवती गाडीची चौकट बळकट करण्यासाठी जास्तीचा पत्रा. एका दाराच्या पोटात एवढे पैसे असतात.

पण मिक्सरच्या उदाहरणातल्या कोष्टकापाशी थांबून पाहिले तर अडचण दिसते. तीन नटांचा खर्च गिऱ्हाइकाला जाणवत नाही, म्हणून तो वाचवणे ही खरी बचत. मागचे दार मात्र तो रोज वापरतो. बाजारातून येणारी मोटारसायकलवरची कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी रचली गेली. तिच्यात बसणारी कुटुंबे मात्र दुचाकीपेक्षा बरी या कसोटीवर गाडी घेत नव्हती. दाराशी मोटार उभी असणे म्हणजे काय, याचे मोल त्यांच्या मनात वेगळे होते, आणि सर्वांत स्वस्त गाडी ही ओळख त्याच मोलावर घाव घालत होती. ही ओळख चुकीची ठरली हे पुढे खुद्द रतन टाटा यांनीही मान्य केले.

त्यात हिशेबाचा दुसरा खांबही ढासळला. सिंगूरमधल्या जमिनीच्या वादामुळे ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने तिथून बाहेर पडायचे ठरवले. गुजरातमधल्या साणंदचा कारखाना जून 2010 मध्ये सुरू झाला, आणि मधल्या काळात गाड्या उत्तराखंडमधल्या पंतनगरला मर्यादित संख्येने बनत राहिल्या. मार्च 2009 मध्ये गाडी विक्रीला आली तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली होती. सोडत काढून पहिल्या एक लाख गिऱ्हाइकांना मूळ किमतीत गाडी द्यायचे ठरले, पण ती हाती यायला वेळ लागला. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. सर्वांत चांगल्या वर्षीही विक्री 75 हजारांच्या आत राहिली. कारखान्याचा भार दर गाडीवर मूळ अंदाजापेक्षा किती पटींनी जड झाला असेल याची कल्पना मिक्सरच्या साच्यांच्या हिशेबावरून येते. 2014 मध्ये नॅनोला पॉवर स्टिअरिंग मिळाले आणि 2015 मध्ये उघडणारे मागचे दार. किंमतही तोवर दोन लाखांच्या घरात गेली. पब्लिकाला दोन वर्षांत जी दुरुस्ती मिळाली ती नॅनोपर्यंत सहा वर्षांनी पोचली.

या पद्धतीत एक कडक नियम आहे. ठरलेल्या खर्चात वस्तू बसत नसेल तर ती बाजारात आणायची नाही. वरिष्ठांना सर्वांत अवघड जाते ते याचेच पालन. आराखड्यावर दोन वर्षे घालवल्यावर तूट दहा रुपयांवर आली की ‘आता एवढ्यासाठी काय थांबायचे’ असे म्हणून लक्ष्य हळूच पुढे सरकवले जाते. एकदा ते सरकले की पुढच्या प्रत्येक वस्तूच्या वेळी सगळ्यांना ठाऊक असते की शेवटी ते सरकणारच. उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. लक्ष्य इतके अशक्य ठेवले जाते की सगळा ताण पुरवठादारावर ढकलला जातो. लहान कारखानदाराला भाव कमी करायला सांगणे आणि त्याच्यासोबत बसून भागाचा आकार किंवा धातू बदलून खर्च कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो आणि काही महिन्यांनी दर्जा घसरून परत येतो. चाकण किंवा भोसरीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपच्या मालकाकडे मोठ्या कंपनीचा माणूस भाव कमी करायला आला, तर त्याने सोबत भागाचा आराखडा आणला आहे की नुसता आकडा, एवढे पाहिले तरी फरक कळतो.

सगळ्या वस्तूंना ही पद्धत लागू पडतही नाही. किंमत बाजार ठरवतो, वस्तू अनेक भागांची असते आणि आराखडा बदलायला वाव असतो, तिथे ती उपयोगी ठरते. साखर, सिमेंट किंवा डाळ यांच्यात आराखडाच नसतो, तिथे खर्च कमी होतो तो प्रक्रियेत. पूर्णपणे नव्या वस्तूची, जिचे गिऱ्हाईक अजून तयार झालेले नाही, बाजारकिंमत कोणालाच ठाऊक नसते. तिथे पहिला आकडा अंदाजाचाच असतो आणि तो चुकला तर पुढची वजाबाकी कितीही काटेकोर असली तरी उत्तर चुकते.

वस्तू कारखान्यात बनू लागली की लक्ष्य खर्चाचे काम संपते आणि दुसरे सुरू होते. जपानमध्ये त्याला काइझेन खर्च म्हणतात: दरवर्षी थोडी थोडी बचत, कामगारांच्या सूचनांतून, यंत्रांच्या जुळवणीतून. ती आवश्यक असते, पण आराखड्यात गेलेला पैसा तिने परत येत नाही.

नॅनोचे उत्पादन 2018 मध्ये जवळजवळ थांबले. पब्लिकाच्या अपुऱ्या यशातून शिकून काढलेली कोरोला आजही बनते आणि 2021 पर्यंत जगभरात तिच्या 5 कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.